केक, परीक्षण आणि माझी ओळ

त्या माणसाचा राग मला अजून येतो. त्याचं तोंडही मी कधी पाहिलं नाही, तरी येतो.

दोन हजार चार-पाच साल असेल. मी मोखाड्याहून जव्हारला नोकरीला जात असे. सुटल्यावर परतीच्या एस.टी.ला तासभर वेळ असायचा, तो मी डेपोसमोरच्या इंटरनेट कॅफेत घालवायची. तिथे एका अनोळखी माणसाबरोबर खेळ जमला होता. रोमन अक्षरांत मराठी टाइप करून दोघांनी मिळून गोष्ट रचायची. मी कॅफेची मालकीण, तो खाद्यसमीक्षक. आळीपाळीने लिहायचं. बोलणं साधं, कृती दोन फुल्यांच्या (*) आत, खेळाबाहेरचं काही असेल तर कंसात. आणि एक नियम पक्का: आपण फक्त आपल्या पात्राचं लिहायचं. दुसऱ्याचं पात्र काय करील, काय म्हणेल, ते त्याचं त्याने ठरवायचं.

माझ्या मालकिणीने नागलीचा, म्हणजे नाचणीचा, केक ठेवला होता. मी स्वतः ओव्हनसुद्धा पाहिलेला नव्हता. समीक्षकाने परीक्षण छापलं: "नागलीच्या पिठाला चिकटपणा नसतो, हे मालकिणीला ठाऊक नसावं. केक उचलला की भुगा होतो. तिखट काय ते मालकीणबाईंचं बोलणं."

नागली मला शिकवतो! जन्मभर भाकरी खाल्लेल्या मला! मी तणतणत लिहिलं, "पीठ आता उकडून घेते. हिंमत असेल तर परत या." तो परत आला. केक संपवून म्हणाला, "परीक्षण मागे घेणार नाही, पण रोज येईन." मी हसले, आणि शेजारच्या संगणकावरच्या पोराने वळून पाहिलं.

पुढे दोन आठवडे मी त्या तासासाठीच जव्हारला जात होते, हे आज कबूल करते.

मग एका संध्याकाळी त्याने लिहिलं, समीक्षक टेबलावर मालकिणीच्या हातावर हात ठेवतो. पाळी माझी. मी विचार करकरून टाइप केलं, ती हात मागे घेत नाही. पाठवायचं बटण दाबणार, तोच त्याची दुसरी ओळ आली: ती लाजते, हात तसाच ठेवते आणि हो म्हणते.

माझं डोकंच फिरलं. कंसात लिहिलं, माझ्या पात्राचं तुम्ही का लिहिलंत? कंसातच उत्तर आलं, "तुम्ही तेच लिहिणार होतात ना?"

"बाई, मोखाड्याची गाडी लागली," इंटरनेट कॅफेच्या मालकाने आवाज दिला.

हो, तेच लिहिणार होते! म्हणून तर इतका संताप झाला. मी माझी ओळ एकेक अक्षर खोडली आणि त्या जागी लिहिलं, मालकीण हात सोडवून घेते. ते खोटं होतं, पण निदान माझं होतं.