दुसरा पाहुणा

फालुद्याच्या ग्लासची दांडी तुटली तेव्हा मी नवऱ्यावर ओरडले. तो उलट खूश झाला. आम्ही दोघंही खगोलशास्त्राचे संशोधक. नव्वदच्या दशकात भाईंदरला जेसल पार्कात राहायचो. त्यानं तो काचेचा तळ कागदावरच्या शाईच्या ठिपक्यावर ठेवला. बरोबर मधोमध धरला की ठिपक्याचं गोल कडं व्हायचं, जरा सरकवला की दोन वाकडे तुकडे.

"आई, बघ. ठिपका म्हणजे क्वेसार, फार फार लांबचा झगझगीत दिवाच समज, काच म्हणजे मधली जडशीळ दीर्घिका. तिच्या गुरुत्वाकर्षणानं उजेड वाकतो, म्हणून एकाचे दोन दिसतात."

"म्हणजे दोन पाहुणे," सासूबाई म्हणाल्या.

"हां! एकाच घरून एकदम निघालेले. दीर्घिकेपासून लांबून येणारा आधी पोचतो, जवळून येणारा रखडतो."

आम्ही अभ्यासत होतो त्या क्वेसारच्या दोन प्रतिमांपैकी बाहेरची त्या हिवाळ्यात अचानक उजळली. मुळात क्वेसारच भडकला असेल, तर आतली प्रतिमाही मागाहून तशीच उजळणार होती. नवऱ्याच्या गणितानं, साधारण वर्षभरानं. मला ते पटत नव्हतं. दीर्घिकेचं वस्तुमान तू अंदाजपंचे जास्त धरतोयस, असं मी त्याला तोंडावर सांगायचे. तो नुसता हसायचा.

मग त्याला रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टर वर्षाचं नाव काढेनात.

हॉस्पिटलात तो पहिला प्रश्न तोच विचारायचा, "आला का दुसरा?" मी नाही म्हणून मान हलवायचे. मी कधी देवापुढे हात न जोडणारी, पण तेव्हा मनातल्या मनात विनवत होते की दीर्घिका हलकी निघू दे, माझंच खरं होऊ दे, म्हणजे उजेड लवकर पोचेल. एकदा तसं त्याला बोलूनही दाखवलं.

"हलकी नाहीये ती," तो म्हणाला. "मी नीट धरलंय."

पावसाळा संपता संपता तो गेला.

आतली प्रतिमा हिवाळ्यात उजळली. त्यानं सांगितलं होतं तेव्हाच, तशीच. वेधशाळेचे आकडे ऑफिसात कॉम्प्युटरवर आले आणि मी सगळ्यांदेखत रडले. संतापही आला. इतकं बरोबर यायची काय गरज होती त्याला?

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. माझ्या तोंडाकडे पाहूनच त्यांनी ओळखलं.

"आला का गं दुसरा पाहुणा?"

"आला, आई."

त्या बराच वेळ देठ खुडत राहिल्या. "तिसरा नसतो का?"

"असतो. अगदी मधोमध, दीर्घिकेच्या गाभ्यातून, सगळ्यांच्या शेवटी येतो. पण इतका मंद असतो की आमच्या दुर्बिणींना दिसत नाही."

"न दिसू दे," त्या म्हणाल्या. "येतो ना?"