उन्हात आंधळा फोन

माण गावात मी ज्या घरात भाड्याने राहते, तिथल्या मालकीणबाईंना मी मावशी म्हणते. भाताला कीड लागली की त्या पानाचा फोटो कृषी सहायकाला पाठवतात आणि औषधाचं प्रमाण मागवतात. गेल्या भादव्यात त्यांनी भूगावच्या एका दुकानातून नवा फोन आणला. चौथ्याच दिवशी त्या तणतणत शेतातून परतल्या.

"उनात काय बी दिसत न्हाई गं. पंप भरून हुबी होते, पण औषध किती घालायचं त्ये वाचताच येईना. सावलीत येऊस्तोवर फोनच मेला."

मी ऑफिसात अ‍ॅप तपासण्याचं काम करते, त्यामुळे फोन हातात घेताच कळलं. साधा एलसीडी पडदा, त्याला मागून उजळणारा दिवा मिणमिणता; उन्हापुढे त्याचं काही चालत नव्हतं. शिवाय पडदा सेकंदाला एकशेवीस वेळा ताजा होत होता. मेसेज वाचायला त्याची काय गरज? बॅटरी मात्र फुकट जळत होती.

आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदार पान चघळत म्हणाला, "एकशेवीस हर्ट्झ आहे, मॅडम. डोळ्यांना एकदम थंड."

मावशींनी त्याला बाहेर बोलावलं. "हितं उनात ये आन् वाच."

त्याने डोळे बारीक केले, फोन वाकडातिकडा धरला. एक अक्षर वाचता आलं नाही. मग तिथेच पिचकारी टाकून हसला. "काकू, शेतात कशाला फोन बघता? घरी बघायचा."

बदलून देणार नाही म्हणाला. आम्ही उभ्या असतानाच आत एका म्हाताऱ्याला तोच फोन दाखवायला लागला, ट्यूबलाइटखाली धरून, तेच 'डोळ्यांना थंड' म्हणत. मावशींनी म्हाताऱ्याला हाक मारली, "आबा, आदी उनात बघा!" आबा फोन घेऊन बाहेर आले, पडद्याकडे पाहिलं, तो काउंटरवर ठेवला आणि निघून गेले. दुकानदाराने आम्हाला शिवी हासडली.

घरी येऊन मी मावशींचा फोन साठ हर्ट्झवर आणला. चार्जिंग संध्याकाळपर्यंत पुरायला लागलं. उन्हाचं मात्र सेटिंगमध्ये काही औषध नव्हतं.

माझा फोन ओलेडचा, म्हणजे पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणारा. उन्हात लख्ख दिसायचा, पण अंधारात उजेड कमी करून वाचलं की माझं डोकं ठणकायचं. त्याच्या मंद पडद्यासमोर मी मावशींच्या फोनचा कॅमेरा धरला तर काळे पट्टे सरकताना दिसले: उजेड कमी दाखवायला पडदा भराभर उघडझाप करत होता. साठ हर्ट्झ करूनही ते थांबलं नाही. मावशींच्या पडद्यावर असे पट्टे नव्हते.

"मंग बदलून घिऊ की," मावशी म्हणाल्या.

आम्ही एकमेकींचे फोन बदलून घेतले. त्यांना बांधावर उभं राहून वाचता येतं, माझी डोकेदुखी थांबली. पण भूगावहून जाताना ते दुकान दिसलं की आजही माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. आत कुणीतरी ट्यूबलाइटखाली फोन न्याहाळत असतंच.