वरच्या मजल्यावरच्या काकांचा सुरक्षित भार

क्रेनला ‘नाही’ म्हणण्यात हयात घालवून माणसाला एकदाही ‘नाही’ न म्हणणारा गृहस्थ बंगळुरात एकच, तो म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतून ते क्रेन तपासत. ठरलेल्या वजनाच्या वर किलोभर चढले, तरी काम थांबवत. निवृत्तीनंतर वर्षभरात काकू गेल्या आणि काका दाढी करायचे थांबले. दुपारी चारलाही अंगात रात्रीचाच सदरा असे.

इंदिरानगरात अंध विद्यार्थ्यांना पुस्तके वाचून दाखवणारे एक केंद्र आहे. तिथे मीच त्यांना ओढत नेले. पहिल्या मंगळवारी ते कसेबसे आले, शनिवारी मात्र दाढी करून. त्यांच्या वाट्याला निपाणीकडची बी. कॉम.ची विद्यार्थिनी आली. काका पानाचा आकडा वाचत, छपाईतल्या चुकाही वाचत. आलेख आला की म्हणत, “रेघ वर जाते आहे, चढावर ऑटो धापा टाकतो तशी.” ती हसे. जिना चढताना काका शीळ घालू लागले.

मग त्यांनी हिशेब मांडला, आठवड्यातल्या दोन दिवसांनी इतके बरे वाटते तर सात दिवसांनी किती! तळ्याची सफाई, रक्तदान शिबिर, रुग्णालयाचा मदतकक्ष, सगळीकडे कानडी होकार, “सरी, येतो.” जेवण उभ्याने, झोप तुटक. शीळ थांबली, दाढीचे खुंट वाढले, वॉचमनवर ओरडणे सुरू झाले. त्या विद्यार्थिनीची परीक्षा सोमवारी आणि तीन प्रकरणे बाकी असताना शनिवारी त्यांनी पुस्तक उघडले. आवाज फुटेना.

“सगळ्यांना हो म्हटलासा काका,” ती म्हणाली, “आता माझ्यासाठी आवाजच उरला नाही की ओ.”

त्या दिवशी मीही सोबत आलो होतो. काकांनी कागदावर लिहून मला दाखवले : ‘तुम्ही वाचा. मी आलेख दाखवतो.’ त्या दोन दिवसांत मी तिन्ही प्रकरणे वाचली. आलेख आला की काका तिचे बोट धरून टेबलावर रेघ काढत. ती पेपर देऊन आली, तेव्हा आवाज थोडा परतला होता. तिला ते घोगऱ्या स्वरात म्हणाले, “क्रेन असतो तर मीच मला बंद पाडलं असतं.”

त्याच आठवड्यात त्यांनी दारावर पिवळ्या रंगाने लिहिले : ‘सुरक्षित भार : मंगळवार, शनिवार, दीड-दीड तास.’ आजारी पडलेच तर बदली वाचक म्हणून माझे नाव केंद्रात नोंदवले. तळेवाल्यांचा फोन आला. काका दोनदा खाकरले आणि म्हणाले, “या महिन्यात जमणार नाही, अण्णा.” फोन ठेवून मिनिटभर त्याच्याकडे बघत राहिले. तळेवाल्यांनी दुसरा माणूस शोधला.

मुलगी पास होऊन निपाणीला परतली. निघताना म्हणाली, “आलेख आला की ऑटोच ऐकू येतो, काका.” आता तिच्या खुर्चीवर दुसरा विद्यार्थी बसतो. ती गेली त्या दिवशी काका लवकर घरी आले आणि काकूंच्या फोटोसमोर बराच वेळ बसले.

परवा बुधवारी मी वर गेलो. कुठे जायचे नव्हते, कुणी येणार नव्हते. काका आरशासमोर उभे राहून दाढी करत होते.