पातळी कुठून मोजली?

आमच्या पंचायत समितीत सिद्धोधन संगणक चालवतो. परवा सविता मॅडमनी त्याला विहिरींची शीट धाडली आणि म्हणाल्या, "जरा ॲनालिसिस करा." दुसरा कुणी रंगीत आलेख काढून मोकळा झाला असता. हा पठ्ठ्या खुर्ची ओढून मॅडमपुढं बसला.

"कशासाठी पायजे?"

"टँकर आधी कुठं लावायचे, ते ठरवायला."

"शीटमधली 'पातळी' म्हंजी उरलेलं पाणी, का काठापासून पाणी किती खाली?"

मॅडमनी मोजणाऱ्याला फोन लावला. काठापासून!

"मंग विहिरीच्या खोलीतून वजा करतो. वाचणार कोण?"

"सरपंच."

"मंग मीटर न्हाई, फुटात लिहितो."

शीटमधला सगळ्यांत मोठा आकडा बघून आम्ही चुडावा गाव पाणीदार समजलो होतो. पहिला टँकर तिकडंच गेला.