वजन वाढत होतं

स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. आदिलाबादकडच्या तामसी मंडळातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, आमच्या गावात मी अंगणवाडीची टीचर आहे. वजनकाट्यावर पोर बसवलं की आकडा थांबेपर्यंतसुद्धा मला धीर नसतो, मी आधीच पुढच्या पोराचं नाव पुकारते. माझी मुलगी तीन वर्षांची, माझ्याच केंद्रात यायची. टीचरनं आपल्या लेकीला मोठं अंडं दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून तिला मी सगळ्यांत शेवटी वाढायची. वजन मात्र तिचं सगळ्यांत आधी करायची. तेवढं एक कौतुक मी उघड करून घ्यायची.

त्या हिवाळ्यात दर महिन्याला तिचं वजन वाढत होतं. तक्त्यावर तिचा ठिपका हिरव्या पट्ट्यात वर वर चाललेला. दोन घास खाऊन ती ताट सरकवायची, तरी वजन वाढायचं. सासूबाई म्हणायच्या, पोट सुटलं पोरीचं, बापावर गेली. मी हसायची. इतर आयांना मी तिचा तक्ता दाखवायची आणि वर सुनवायचीही, की पोराला नीट भरवलं की असं होतं. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

वजनासोबत आम्ही दंडही मोजतो. रंगीत पट्टी असते, ती डाव्या दंडाभोवती लावायची. हिरवा, पिवळा नाहीतर लाल, जो रंग येईल तो लिहायचा. शिमग्याच्या आधीच्या महिन्यात माझ्या लेकीच्या दंडावर पट्टी पिवळी आली. मी तिच्याकडे पाहिलं. वजन वाढलेलं आणि दंड बारीक, हे कसं होईल? मला वाटलं, पट्टी जास्त आवळली. मग सैल धरून पुन्हा लावली. आली हिरवी. मी हिरवी लिहिली.

दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर मी तीनदा मोजलं असतं आणि आईला चार गोष्टी ऐकवल्या असत्या. पण काटा माझ्या बाजूनं बोलत होता. त्याच महिन्यात एकदा तिची लघवी लालसर झाली. सासूबाई म्हणाल्या उन्हाळी लागली, धण्याचं पाणी द्या. दिलं. दुसऱ्या दिवशी लघवी साफ झाली आणि मी विषय मिटवला. अधूनमधून अंग कोमट लागायचं, संध्याकाळी ती चिडचिड करायची. दात, ऊन, नजर, कारणं आमच्याकडे भरपूर होती.

मग एक दिवस सुपरवायझर मॅडम तपासणीला आल्या. तेलुगू बाई, पण आमच्या भागात राहून मराठी बोलायला शिकलेल्या. त्यांनी स्वतः पोरं उचलून काट्यावर बसवायला घेतली. माझ्या लेकीला दोन्ही हातांनी उचललं आणि तशाच थांबल्या. तिला काट्यावर न बसवता मांडीवर घेतलं, फ्रॉक वर केला. डाव्या बरगडीखाली पोट फुगलेलं होतं, उजव्या बाजूपेक्षा वेगळं. त्यांनी विचारलं, “टीचर, हे कधीपासून आहे?” दहा महिने जिचं वजन मी केलं, तिचं पोट मी हात लावून पाहिलंच नव्हतं.

त्याच दुपारच्या बसनं आम्ही आदिलाबादला गेलो. मुलांच्या डॉक्टरांनी अगदी हलक्या हातानं एकदाच पोट तपासलं. मग लहानशी पट्टी बांधून तिचं ब्लडप्रेशर घेतलं, ते वाढलेलं होतं. तीन वर्षांच्या पोरीला बीपी असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. सोनोग्राफी झाली. डाव्या किडनीतून वाढलेली मोठी गाठ. लहान मुलांच्या किडनीत होणारा हा कॅन्सर बहुतेक वेळा बरा होतो, हैदराबादला जा, परवा तिथं बेड मिळेल, असं डॉक्टर म्हणाले. आणि जाताना त्यांनी बजावलं, की आता हिचं पोट कुणीही दाबायचं नाही. गाठ दाबानं फुटू शकते, आणि फुटली तर आजार पोटभर पसरतो.

पुढचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट. गावात बातमी गेली आणि माणसं यायला लागली. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला येणारा नुसता बघत नाही, हात लावून बघतो. ताप असला तर कपाळ, गाठ असली तर गाठ. कुठं आहे, कुठं आहे, करत प्रत्येकाचा हात फ्रॉककडे जायचा. गल्लीतली एक म्हातारी पोट दुखलं की चोळून सरकलेला गोळा बसवते, तिचा हात मोठा गुणाचा मानतात. ती तर तेलाची वाटीच घेऊन आली. मी दारात आडवी उभी राहिले. म्हातारी दुखावली. म्हणाली, तुह्या नवऱ्याचा गोळाबी म्याच बसवला होता. मी तिचे पाय धरले, पण आत सोडलं नाही. शेवटी पोरीला दोन फ्रॉक चढवले, वर स्वेटर, आणि चैत्राच्या उकाड्यात तिला मांडीत घेऊन बसून राहिले. सासूबाई पदरानं वारा घालत होत्या आणि रडत होत्या, कारण हे कळायच्या आधी आठवडाभर त्यांनीही गॅस म्हणून तेल चोळलं होतं.

हैदराबादला सगळं झपाट्यानं झालं. मोठ्या स्कॅनमध्ये दिसलं की दुसरी किडनी चांगली आहे, फुप्फुसं साफ आहेत. डॉक्टरांनी समजावलं: चार आठवडे इंजेक्शनं देऊन गाठ लहान करायची, मग ऑपरेशन करून डावी किडनी गाठीसकट काढायची, मग पुन्हा काही महिने औषध. एका किडनीवर माणूस आयुष्य काढतो. मी विचारलं, मी दोन महिने आधी आणली असती तर? ते म्हणाले, या गाठी भराभर वाढतात, तेव्हा किती होती हे कुणी सांगू शकत नाही. मला हे उत्तर नको होतं. मला कुणीतरी रागवायला हवं होतं. कुणी रागवलं नाही म्हणून मी आमच्या ह्यांच्यावर राग काढला. बापाला घरात काय चाललंय ते दिसतं का, शेत एके शेत, असं वॉर्डात सगळ्यांसमोर बोलले. ते ऐकून घेत राहिले.

शेजारच्या बेडवर वांकिडीकडची एक आई होती, तिची लेक दीड वर्षाची. उजव्या डोळ्यावर पट्टी. फोटो काढला की पोरीचा एक डोळा लालसर यायचा आणि दुसऱ्याची बाहुली पांढरी चमकायची. घरचे म्हणाले, मांजरीसारखा डोळा, नशीबवान आहे. मग डोळा तिरका व्हायला लागला, तेव्हा कुठं दवाखाना झाला. तोवर तो डोळा गाठीनं भरला होता, तो काढावा लागला. दुसऱ्या डोळ्यात बारीक गाठी सापडल्या, त्या औषधानं आणि लेझरनं आटत होत्या. हा डोळ्याचा कॅन्सर भावंडांतही असू शकतो म्हणून तिच्या मोठ्या मुलाचे डोळेही तपासून घेतले होते, ते साफ निघाले. ती बाई मला शांतपणे म्हणाली, “एक डोया गेला, पोरगी रायली. दुसऱ्या डोयानं मले पाह्यते नं ते.”

त्या दिवशी दुपारभर मी मोबाइलमधले केंद्रातल्या पोरांचे फोटो मोठे करकरून पाहिले. एका पोरीचा डोळा पांढरा दिसला आणि मी हैदराबादहूनच तिच्या आईच्या मागे लागले. ती बिचारी आदिलाबादला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. काही नव्हतं, फोटो तिरपा आला होता. टीचरचं डोकं फिरलं असं ती गावभर सांगत सुटली. सांगू दे.

औषधानं लेकीचे केस गेले. शौचाला खडा व्हायचा, ती रडायची. पाय जरा घसटत टाकायची. डॉक्टर म्हणाले हा त्या औषधाचाच परिणाम, कमी होईल. या औषधात साधा तापही जिवावर बेततो, तो आला की एक तासही घरी थांबायचं नाही, म्हणून थर्मामीटर माझ्या ओच्यातच असायचा. ऑपरेशनच्या दिवशी मी कॉरिडॉरमध्ये इतक्या फेऱ्या मारल्या की वॉर्डबॉयनं दोनदा विचारलं, बाथरूम पाहिजे का. शेवटी सर्जन बाहेर आले. गाठ अख्खी निघाली होती, फुटली नव्हती. पुढं तपासणीच्या रिपोर्टातही आजूबाजूला पसरलेलं काही सापडलं नाही.

मग पुन्हा औषधाचे महिने. ते संपले, आणि त्यानंतरची पहिली सोनोग्राफी साफ आली. आता ठरावीक महिन्यांनी बोलावलंय, काही वर्षं हे चालेल. दर वेळी त्याआधीचा आठवडा मी माणसात नसते.

त्या पहिल्या साफ रिपोर्टच्या दिवशी आम्ही आदिलाबादहून तामसीच्या बसमध्ये बसलो. लेक आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी झोपली होती, डोक्यावर बोटभर नवे केस. मला हलकं वाटत होतं, म्हणून मी बडबडत होते. हे खिडकीबाहेर पाहत होते. मधेच म्हणाले, “मले मालूम होतं.”

मी विचारलं, काय मालूम होतं?

“तिच्या पोटाले लागत होतं ते. आंघोळ मीच घालत होतो नं तिले. शिमग्याच्या आधीपासून हाताले लागत होतं.”

मी विचारलं, “मंग बोलले काऊन नाही तुमी?”

“तू दर महिन्याले वजन करत होती. म्या म्हटलं, तुले मालूम असंल.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. वर्षभर वॉर्डात, कॉरिडॉरमध्ये, घरी मी त्यांना आंधळा बाप म्हणत आले, आणि ते ऐकत आले. मला ओरडायचं होतं, त्यांच्यावर की स्वतःवर ते कळेना. त्यांचा हात लेकीच्या पोटावर होता, ऑपरेशनच्या व्रणावर. मी माझा हात त्यावर ठेवला. पोट मऊ होतं, श्वासाबरोबर वर येत होतं, खाली जात होतं. गाव येईपर्यंत आम्ही दोघांनीही हात काढला नाही.