काढता येईल असे केंद्र

बदलापूरच्या पलीकडे टेकडीच्या पायथ्याशी एका जुन्या देवळाचे अवशेष आहेत. जोते आणि काही खांब उभे आहेत, बाकीचे दगड गवतात. तिथे माहिती केंद्र बांधायचे ठरले, तेव्हा ते कसे असावे याचा मसुदा अंबरनाथ पूर्वेच्या एका आर्किटेक्ट बाईंनी केला. त्याचा मराठी मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे होते.

मसुदा छोटा होता. वाटेने येणाऱ्याला आधी देऊळ दिसावे. केंद्र बसके, मातकट रंगाचे असावे. रात्री दिवे नकोत, भोंगा नको. आणि जमीन खणायची नाही, कारण खाली काय आहे ते कोणी पाहिलेले नव्हते. जाड कापडावर वाळू, वाळूवर तयार काँक्रीटचे ठोकळे, त्यांवर नटबोल्टची लोखंडी चौकट. वाऱ्याने उचलू नये म्हणून जाळीत भरलेल्या दगडांचे वजन. ‘मागे खूण न ठेवता काढून नेता येईल असे बांधकाम’, असे मी लिहिले.

निधी मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीसाठी तिच्या कार्यालयाने मसुद्याचा सारांश काढला. त्यात या ओळीच्या जागी एकच शब्द आला: तात्पुरते.

बैठकीत एका सदस्याने तो मोठ्याने वाचला.

“मॅडम, तात्पुरतं म्हणजे मांडव. मांडवाला कोण फंड देतो?”

“सत्यनारायण घालायचाय का?” दुसरा म्हणाला. हशा झाला.

बाईंनी समजावले, की काढता येणे आणि टिकणे यांत विरोध नाही. ही चौकट कितीही वर्षे उभी राहील. बैठकीला आलेल्या सरकारी अभियंत्याने त्यांचे म्हणणे खोडले नाही. निधी कायमस्वरूपी मालमत्तेसाठी आहे, तात्पुरत्या कामाला तो वापरता येत नाही, आणि ठोकळ्यांवरची चौकट शासकीय दरसूचीत नाही, एवढे त्याने सांगितले. बाईंनी शब्द बदलून मागितला. बदलून मिळाला: कायमस्वरूपी. त्या शब्दाबरोबर पाया आला, स्लॅब आला, पुढे कमानही आली. बसकेपणाची अट सारांशात नव्हतीच.

पायाची आखणी झाली त्या दिवशी बाईंनी मला बोलावून घेतले. निदान जोत्याच्या बाजूचा चर हाताने खणा, अशी विनंती त्यांनी ठेकेदाराला केली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा जेसीबीने तो खणून झाला होता. चरात घडीव दगडांची रांग लागली होती. मधले दगड बाहेर काढून आंब्याखाली नीट रचून ठेवले होते.

“बघा ना मॅडम, एकपण फुटला नाही,” ठेकेदार म्हणाला. “आत शोला ठेवू.”

कोणता दगड कुठून निघाला, हे बाईंनी विचारले. ते त्याला माहीत नव्हते, जेसीबीवाल्यालाही नव्हते. बाईंनी उरलेल्या रांगेचे फोटो काढले, आणि काढलेले दगड परत ठेवता येणार नाहीत, असे मला सांगितले. दुपारनंतर त्या चरात काँक्रीट ओतले.

केंद्र आता सुरू आहे. वाटेवरून आधी तेच दिसते.