मेलमधून गाळलेली चार माणसं

रिटायर होणाऱ्या माणसानं शेवटच्या दिवशी सगळ्यांना एक मेल टाकायचा, अशी आमच्या कारखान्यात रीत पडली आहे. वरठीच्या बाजूच्या त्या कारखान्यात, स्टोअरमध्ये, माझी सारी नोकरी गेली. नटबोल्टची मागणी इंग्रजीत लिहिणं वेगळं आणि इंग्रजीत गहिवरणं वेगळं. तरी मी खपून खपून मजकूर तयार केला आणि एच.आर.मधल्या पोरीला पाठवला. म्हटलं, "जरा तपासून दे माय. व्याकरण पाहा, अन् थोडं साहेबी वाटू दे."

पोरगी गुणी. तिनं क्रियापदं सरळ केली. मी सगळ्यांची माफी दोनदा मागितली होती, ती एकदाच ठेवली. मोठ्या साहेबांचे आभार मी जवळजवळ पाया पडून मानले होते, तिथं दोन साधी, नीट वाक्यं आली. तिच्या दुरुस्त्या लाल अक्षरांत दिसत होत्या. मान्य करायच्या की नाही, ते माझ्या हातात होतं. शेवटच्या परिच्छेदात तिनं एका शब्दालाही हात लावला नव्हता. बाजूला फक्त टीप टाकली होती, "काका, हे चौघे कंपनीच्या मेल ग्रुपमध्ये नाहीत. त्यांना मेल जाणार नाही. ठेवायचं का, तुम्ही ठरवा."

ते चौघे म्हणजे स्टोअरमध्ये माल उतरवणारी ठेकेदाराची माणसं, तीन पुरुष आणि एक बाई. एका पावसाळ्यात स्टोअरमध्ये पाणी शिरलं होतं. वेल्डिंगचे रॉड ओले झाले की कामातून गेले. गुडघाभर पाण्यात उभं राहून या चौघांनी ते सगळे खोके वरच्या रॅकवर चढवले. मी टेबलावर उभा राहून ओरडत होतो. प्रशस्तिपत्र मात्र मला मिळालं, आणि ते मी घरी फ्रेम करून लावलं. शेवटच्या परिच्छेदात मी हेच, त्यांची नावं घेऊन, लिहिलं होतं.

आणि मीच तो परिच्छेद उडवला. कुणी सांगितलं नव्हतं. बाकी मेल असा इस्त्री केल्यासारखा झाला होता की खाली ती चार नावं मला उगाच वाटायला लागली. मोठे साहेब वाचतील, हेड ऑफिसवाले वाचतील, त्यांना या नावांशी काय करायचं? मेल गेला. "फार सुंदर लिहिलंत" अशी उत्तरं यायला लागली आणि मी खुर्चीत फुगून बसलो.

दुपारी चौघांनी मला स्टोअरच्या मागच्या शेडमध्ये बोलावलं. शेला, नारळ, चिवडा, चहा, सगळी तयारी त्यांनीच केली होती. शेला खांद्यावर टाकून झाल्यावर त्यांच्यातला म्हातारा मुकादम म्हणाला, "साहेब, आमाले काही मेल येत नाही. तुमीच वाचून दाखवा ना जी. मराठीत सांगा."

मी फोनवर तो मेल उघडला. मग मी वाचायला लागलो. इंग्रजी वाचायचं, मराठीत सांगायचं. मजकूर संपला तरी मी फोनकडे पाहतच होतो, आणि पडद्यावर नसलेलं बोलत होतो. पाणी, खोके, रॅक, चौघांची नावं. "यांच्यामुळे माझी इज्जत राहिली," असंही वाचलं. आवाज जड झाला होता, तो मात्र खोटा नव्हता. लाजेनं माझे कान तापले होते.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. ती बाई डोळे पुसत म्हणाली, "हे माह्या मोबाइलवर पाठवा ना साहेब. पोरीले दाखवतो."

मी फोन घाईनं खिशात टाकला.

"कायले तरास देतं त्यायले?" मुकादम तिला म्हणाला. "साहेबाचा मेल आज बंद होऊन राहिला. कुठून पाठवतीन?" आणि त्यानं चिवड्याची प्लेट माझ्यापुढं सरकवली.

सुटी झाल्यावर मी त्याला सायकल स्टँडवर गाठलं. म्हटलं, "भाऊ, खरं सांगतो, ते मेलमध्ये नव्हतं. मीच काढलं."

"मालूम आहे जी," तो सायकलचं कुलूप काढत म्हणाला. "सकाळी गेटच्या बोर्डावर तुमच्या मेलचा कागद लावला ना. गेटवरच्या गार्डनं आमाले सारा वाचून सांगतला."

"मग मला वाचायला काहून लावलं?"

"लिवलं नसन तर नसन. तोंडानं तरी आमची नावं घेतीन म्हटलं." त्यानं सायकल वळवली. "घेतली तुमी. आता जा घरी, वहिनी वाट पाहून राहिली असन."